सोळाशे ब्याऐंशीची रेघ

सोन्याच्या चार्टवर रिट्रेसमेंट काढणे हे दोन क्लिकचे काम आहे. ज्या तेजीचा विचार करायचा तिच्या तळावर पहिले क्लिक, तेथून माउस ओढत नेऊन शिखरावर दुसरे, आणि पडद्यावर आडव्या रेघा आपोआप उमटतात: २३.६, ३८.२, ५०, ६१.८ आणि ७८.६ टक्के. ट्रेडर मंडळी याला ‘फिबो मारणे’ म्हणतात. त्यामागचा दावा थोडक्यात असा की कोणतीही मोठी चाल सरळ रेषेत होत नाही, चढलेला भाव काही अंतर माघारी येतो, आणि ही माघार वाटेल तिथे न थांबता याच ठरावीक प्रमाणांपाशी थांबून मूळ दिशेला वळण्याची शक्यता अधिक असते. सोने १०० डॉलर चढले असेल तर ते ३८ डॉलर खाली आल्यावर खरेदीची तयारी ठेवावी, तिथे न थांबल्यास ५० डॉलरवर, आणि तिथेही न थांबल्यास ६२ डॉलरवर. या ‘न थांबल्यास’मध्येच मोठी गोम आहे, पण तिच्याकडे येण्याआधी एक प्रत्यक्ष उदाहरण तपशिलात पाहणे बरे.

या आकड्यांचा उगम बहुतेकांना ठाऊक असतो. १, १, २, ३, ५, ८, १३ अशा मालिकेतील, प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असलेल्या संख्या पुढे पुढे जातात तसे लगतच्या दोहोंचे गुणोत्तर ०.६१८ च्या जवळ स्थिरावते. त्याचा वर्ग ०.३८२ आणि घन ०.२३६. पिसाच्या लिओनार्दोचे, म्हणजेच फिबोनाचीचे, नाव या मालिकेला चिकटले असले तरी आपल्याकडे छंदशास्त्राच्या अभ्यासात विरहांक आणि हेमचंद्र यांनी ती त्याच्याआधीच मांडली होती. गणित निर्दोष आहे, त्याबद्दल वाद नाही. ती मालिका भावांच्या चढउतारांशी जोडण्याचे मुख्य श्रेय १९३० च्या दशकातील अमेरिकन लेखापाल राल्फ नेल्सन एलियट यांच्या लाटांच्या सिद्धांताकडे जाते. गंमत म्हणजे ज्या ५० टक्क्यांच्या रेघेवर ट्रेडरचा बराच विश्वास असतो, तिचा या गुणोत्तरांशी काही संबंधच नाही. ‘निम्मी माघार’ हा बाजारातला जुना ठोकताळा आहे, आणि तो बिनबोभाट या यादीत येऊन बसला आहे.

आता उदाहरण. डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क-लंडनच्या स्पॉट, म्हणजे लगेच व्यवहाराच्या, बाजारात सोने औंसाला सुमारे १०४६ डॉलरपर्यंत उतरले होते. तिथून निघालेली तेजी ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या वर्षात, साधारण २०७५ डॉलरला पोचली. म्हणजे एकूण चाल १०२९ डॉलरची. तिचे ३८.२ टक्के ३९३ डॉलर होतात, आणि शिखरातून तेवढे वजा केले की १६८२ हा आकडा मिळतो. शिखरानंतर सोने सात महिने घसरत राहिले आणि ८ मार्च २०२१ रोजी ज्या पातळीपर्यंत आले, ती होती सुमारे १६७७. महिन्याच्या अखेरीस भाव पुन्हा तिथेच आला आणि पुन्हा वळला. जूनच्या सुरुवातीला तो १९०० च्या वर होता. हजार डॉलरच्या चालीत पाच डॉलरचा फरक. त्या दिवसांत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा चार्ट इतक्या वेळा फिरला की १६८२ ची ती जाड निळी रेघ आणि तिला टेकून उलटलेल्या कॅण्डल, म्हणजे भावाच्या उभ्या कांड्या, मला डोळे मिटूनही दिसत असत. खाली एका जुन्या सहकाऱ्याची टिप्पणी होती, “लेव्हल होल्ड झाली. आता तरी मानाल की नाही?”

मानायला हरकत नव्हती, पण त्याच ग्रुपवर त्याच आठवड्यात आणखी दोन चार्ट होते. एकाने तळ म्हणून डिसेंबर २०१५ न घेता ऑगस्ट २०१८ चा ११६० घेतला होता, कारण त्याच्या मते खरी तेजी तिथून सुरू झाली. त्याची ३८.२ टक्क्यांची रेघ १७२५ वर आली होती, आणि भाव ती तोडून खाली गेला होता. दुसऱ्याने मार्च २०२० च्या कोविड घबराटीतला १४५१ हा तळ धरला होता. त्याच्या चार्टवर ६१.८ टक्क्यांची रेघ १६८९ वर होती, म्हणजे भाव वळला त्याच्या जवळपासच. मग अर्थातच असे म्हटले गेले की मोठ्या चालीचे ३८.२ आणि छोट्या चालीचे ६१.८ एकाच जागी आले आहेत, म्हणून ही लेव्हल दुप्पट भक्कम. ११६० वाल्या चार्टचा उल्लेख पुन्हा कुणी केला नाही. त्यात कुणाची लबाडी होती असे मी म्हणणार नाही. जुळलेला चार्ट लोक जपून ठेवतात आणि पुढे पाठवतात, न जुळलेला पुसून नवा काढतात, आणि दोन क्लिकच्या कामाला पुसायला एकच क्लिक लागते.

या पद्धतीची पहिली खरी अडचण इथे आहे. माघारीचे प्रमाण मोजायचे तर चाल कुठून कुठपर्यंत हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचा कोणताही नियम या पद्धतीत नाही. शिखर बहुधा निर्विवाद असते, तळ नसतो. एखाद्या पाच वर्षांच्या तेजीत सन्माननीय म्हणता येतील असे तीन-चार तळ सहज निघतात. शिवाय कॅण्डलच्या टोकापासून मोजायचे की बंद भावापासून, हा प्रश्न उरतोच. स्पॉट सोन्याला एकच एक अधिकृत बाजार नसल्याने वेगवेगळ्या ब्रोकरच्या चार्टवर टोकेही थोडी वेगळी दिसतात, आणि न्यूयॉर्कच्या कॉमेक्सवरील फ्युचर्सचे, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचे, शिखर तर स्पॉटपेक्षा दहा-पंधरा डॉलर वर होते.

त्याहून मोठा फरक पडतो तो मापनपट्टीमुळे. चार्ट साध्या पट्टीवर असेल तर १०४६ ते २०७५ मधील प्रत्येक डॉलर सारखा मोजला जातो. पण दीर्घ मुदतीचे चार्ट बरेच जण लॉग पट्टीवर पाहतात, जिथे डॉलर नव्हे तर टक्केवारी सारखी मोजली जाते. दुप्पट होणे म्हणजे दुप्पट होणे, मग ते पाचशेचे हजार असो की हजाराचे दोन हजार. गुंतवणुकीच्या दृष्टीने ही पट्टी अधिक तर्कसंगत आहे. मात्र तिच्यावर त्याच दोन टोकांमधली ३८.२ टक्क्यांची रेघ साधारण १५९७ ला येते. १६८२ च्या त्या निळ्या रेघेची सगळी जादू चार्टच्या कोपऱ्यातले एक बटण दाबताच नाहीशी होते. निसर्गातले एखादे प्रमाण भावात खरोखर वसत असेल, तर ते कोणत्या पट्टीत वसते हे सांगण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे. ती कुणी घेताना मला दिसलेले नाही.

मार्च २०२१ नंतरची गोष्ट अधिक बोधक आहे. ९ ऑगस्ट २०२१ च्या सोमवारी पहाटे, जपान आणि सिंगापूर दोन्हीकडे सुट्टी असताना, आदल्या शुक्रवारच्या अमेरिकी रोजगाराच्या दमदार आकड्यांच्या पार्श्वभूमीवर पातळ बाजारात काही मिनिटांत सोने सत्तर-ऐंशी डॉलर कोसळले आणि पुन्हा १६८० ते १६९० च्या पट्ट्यातून उसळले. पुढे जुलै २०२२ मध्ये भाव पुन्हा १६८० ला येऊन वळला. “चार वेळा होल्ड झालेली लेव्हल” अशी तिची ख्याती झाली. पण या चार वेळा स्वतंत्र नव्हत्या. मार्च २०२१ नंतर १६७७ हा स्वतःच चार्टवरचा ठसठशीत तळ झाला होता, आणि मागच्या तळापाशी खरेदी करायला कुणाला फिबोनाचीची गरज लागत नाही. ज्याने आयुष्यात हे गुणोत्तर ऐकले नाही अशा व्यापाऱ्यानेही तिथे ऑर्डर लावली असती. म्हणून पुरावा मोजायचा तर पहिली वेळ एक धरावी. पुढच्या उसळ्यांचे श्रेय त्या रेघेला देणे म्हणजे एकाच साक्षीदाराची जबानी चार वेळा नोंदवणे होय.

सप्टेंबर २०२२ च्या मध्यात १६८० तुटले. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह जूनपासून प्रत्येक बैठकीत पाऊण टक्क्याने व्याजदर वाढवत होती, इतर प्रमुख चलनांच्या तुलनेत डॉलरचे बळ दाखवणारा डॉलर इंडेक्स महिन्याच्या अखेरीस ११४ च्या वर गेला होता, आणि व्याज न देणारे सोने बाळगणे दिवसेंदिवस महाग पडत होते. भाव २८ सप्टेंबरला सुमारे १६१४ पर्यंत उतरला. ऑक्टोबरमध्ये आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस तो पुन्हा १६१६ च्या आसपास आला, आणि तिथून निघाला तो निघालाच; १० नोव्हेंबरला अमेरिकेच्या महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी, ७.७ टक्के, लागल्यावर त्या तेजीने आणखी वेग घेतला. २०७५ वरून १६१४ म्हणजे ४६१ डॉलरची माघार, मूळ चालीच्या ४५ टक्के. ३८.२ ची रेघ मागे पडलेली आणि ५० ची रेघ १५६० वर, अजून पन्नासेक डॉलर खाली. ज्यांनी नियमाप्रमाणे ३८.२ तुटल्यावर ५० ची वाट पाहिली, त्यांना खरेदीची संधी मिळालीच नाही. पुढच्या सहा महिन्यांत सोने पुन्हा २००० च्या वर होते.

आणि तरीही पद्धत खोटी ठरली नाही. कारण आता तो विसरलेला ११६० वाला चार्ट बाहेर निघाला. ऑगस्ट २०१८ चा तळ आणि २०७५ चे शिखर यांच्यातील ५० टक्के म्हणजे १६१७.५०! भाव तीनदा नेमका तिथे थांबला होता. ज्या चार्टवर दीड वर्षापूर्वी ३८.२ ची रेघ सपशेल तुटली होती, तोच आता अचूकपणाचा नमुना म्हणून फिरू लागला, आणि १०४६ पासूनचा चार्ट गप्प झाला. मार्च २०२१ ला एका तळापासून मोजा, सप्टेंबर २०२२ ला दुसऱ्यापासून, म्हणजे दोन्ही वेळा उत्तर बरोबर येते. कोणता तळ धरायचा हे मात्र त्या त्या वेळी नाही, नंतरच कळते. ज्या विधानाला चुकण्याची जागाच ठेवलेली नाही, ते भाकीत म्हणून वापरता येत नाही, हा माझा या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप आहे.

साधा हिशोबही करून पाहावा. पाच रेघांपैकी पहिली २३.६ वर आणि शेवटची ७८.६ वर, मधले अंतर ५५. ट्रेडर ‘लेव्हलच्या जवळ’ म्हणतात तेव्हा दोन टक्क्यांची मोकळीक गृहीत असते; १०२९ डॉलरच्या चालीत ती जेमतेम वीस डॉलर होते, म्हणजे ही उदारता फारशी नाही. तेवढ्या मोकळिकीने मधल्या तीन रेघा प्रत्येकी चार टक्के आणि टोकाच्या दोन आतल्या बाजूने दोन-दोन टक्के जागा व्यापतात. एकूण ५५ पैकी १६. याचा अर्थ, माघार या पट्ट्यात कुठेही अगदी योगायोगाने थांबली, तरी दहापैकी जवळपास तीन वेळा ती एखाद्या रेघेपाशीच थांबल्यासारखी दिसेल. त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या तळापासूनच्या रेघा चढवा. त्या एकमेकींवर पडल्या नाहीत तर निम्म्याहून अधिक पट्टा कुठल्या ना कुठल्या रेघेच्या हद्दीत जातो. तेव्हा लेव्हल जुळल्याची उदाहरणे सापडणे हे काहीच सिद्ध करत नाही. योगायोगाने जितकी जुळावीत त्याहून अधिक जुळतात का, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न अभ्यासकांनी विचारलेला आहे, जरी सोन्याबाबत नसला तरी. लंडनच्या कॅस बिझनेस स्कूलमधील रॉय बॅचलर आणि रिचर्ड रम्यार यांनी २००६ साली अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातील चढ आणि माघारींची गुणोत्तरे तपासली. फिबोनाचीची प्रमाणे किंवा निम्मे, एक तृतीयांश अशी सोपी प्रमाणे योगायोगापेक्षा अधिक वेळा येतात, याला आधार देणारे काही त्यांना आढळले नाही. दुसरीकडे, न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेत असताना कॅरल ऑस्लर यांनी २००० साली चलनबाजारातील कंपन्यांनी ग्राहकांना पाठवलेल्या सपोर्ट-रेझिस्टन्सच्या, म्हणजे भाव जिथे अडेल असे वाटते त्या लेव्हलच्या, याद्या तपासल्या, आणि मनाने निवडलेल्या आकड्यांपेक्षा त्या लेव्हलवर भाव जास्त वेळा अडखळतो असे त्यांना दिसले. टेक्निकल विश्लेषणाचे समर्थक हा अभ्यास आवर्जून सांगतात, आणि तो सांगायलाच हवा. मात्र त्या याद्यांमधील बहुतेक आकडे शून्य किंवा पाचवर संपणारे होते, आणि त्यांच्या पुढील संशोधनातून दिसले ते असे की ग्राहकांच्या ऑर्डरच मुळात गोल आकड्यांपाशी गोळा होतात: नफा घेण्याच्या ऑर्डर नेमक्या गोल आकड्यावर, आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून आपोआप सौदा बंद करणाऱ्या ऑर्डर, त्याच्या किंचित पलीकडे. भाव अडखळण्याचे कारण तिथे हाताशी आहे, आणि त्यासाठी फिबोनाचीच्या गुणोत्तराची आवश्यकता पडत नाही.

“सगळे बघतात म्हणून चालते” असाही एक युक्तिवाद या रेघांच्या बाजूने केला जातो. त्यालाही याच कसोटीवर घासावे. सगळे एकच रेघ बघत असतील तर तो खरा आहे. पण वर पाहिल्याप्रमाणे मार्च २०२१ मध्ये तिघांच्या तीन रेघा होत्या. शिवाय जिथे खरेदीच्या ऑर्डर जमतात तिथेच थोडे खाली स्टॉपलॉसही जमतात. म्हणून लेव्हल टिकते तोवर टिकते आणि तुटते तेव्हा घसरण नेहमीपेक्षा वेगवान होते. १५२० ते १५३० चा पट्टा आठवावा. १९९९ मधील २५२ च्या तळापासून २०११ च्या १९२० च्या शिखरापर्यंतच्या चालीचे २३.६ टक्के १५२६ ला येत होते, आणि २०११-१२ मध्ये भाव तिथून वारंवार उलटला होता. १२ एप्रिल २०१३ च्या शुक्रवारी तो पट्टा तुटला आणि पुढच्या सोमवारी एका दिवसात सोने सुमारे ९ टक्के पडले. गर्दीमुळे लेव्हल चालते असे मानणाऱ्याने त्याच गर्दीमुळे ती कशी तुटते हेही हिशोबात धरायला हवे.

आपल्याकडचा चार्ट हा तर वेगळाच विषय आहे. मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारातले सोने रुपयांत, दहा ग्रॅमला मोजले जाते, आणि तो भाव म्हणजे ढोबळमानाने आंतरराष्ट्रीय भाव, गुणिले डॉलरचा दर, अधिक आयात शुल्क. ऑगस्ट २०२० चे शिखर इथे ५६,१९१ रुपये होते आणि मार्च २०२१ चा तळ ४४ हजारांच्या आसपास. आता सप्टेंबर २०२२ पाहा. डॉलरमधले सोने नवा तळ गाठत असताना एमसीएक्सवर ते सुमारे ४९ हजारांवर होते, म्हणजे आधीच्या तळापेक्षा पाच हजार वर. दरम्यान डॉलर ७३ रुपयांवरून ८१ च्या पुढे गेला होता आणि जुलै २०२२ पासून शुल्क पावणे अकरावरून १५ टक्क्यांवर नेण्यात आले होते. एकाच धातूबद्दल, एकाच दिवशी, न्यूयॉर्कचा चार्ट सांगत होता की लेव्हल तुटली, आणि झवेरी बाजारात बसून रुपयांचा चार्ट पाहणाऱ्याला त्याचा मागमूसही नव्हता. पुढे २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्के झाले आणि एमसीएक्सवर एका दिवसात चार हजार रुपयांच्या आसपास घसरण झाली. तो उतार ‘माघार’ म्हणून मोजणाऱ्यांचे विश्लेषण मी दुसऱ्या दिवशी टीव्हीवर पाहिले. गर्दीचे मानसशास्त्र म्हणून जे मोजले जात होते, ते अर्थमंत्र्यांच्या भाषणातले एक वाक्य होते.

या रेघा अगदीच निरुपयोगी आहेत असे मात्र मला वाटत नाही. ज्याला सोने घ्यायचेच आहे, त्याने एकदम न घेता तीन टप्प्यांत घ्यायचे ठरवले आणि टप्पे आखायला या रेघा वापरल्या, तर त्यात काही बिघडत नाही. चुकीच्या वेळी सगळी रक्कम गुंतवण्यापासून तो वाचतो. स्टॉपलॉस कुठे लावायचा आणि तो लागला तर किती पैसे जातील, हे सौदा करण्याआधी ठरवायला भाग पाडणारे कोणतेही साधन चांगलेच. पण ही कामे ३०, ४५ आणि ६० टक्क्यांच्या रेघांनीही तितकीच होतील.

आणि हीच परीक्षा ज्याला शंका आहे त्याने स्वतः घ्यावी. सोन्याचे गेल्या वीस वर्षांचे भाव मोफत मिळतात. तळ आणि शिखर कसे निवडायचे याचा नियम आधी लिहून काढावा, उदाहरणार्थ दर वेळी किमान १५ टक्क्यांची उलट चाल झाली तरच ते टोक धरायचे. पट्टी साधी की लॉग आणि मोकळीक किती हेही आधीच लिहावे, आणि मग एकदाही नियम न बदलता सगळ्या माघारी मोजाव्यात. त्याच माघारींवर दुसऱ्या रंगाने बनावट रेघा माराव्यात, उदाहरणार्थ २०, ३३, ४५, ५७ आणि ७२ टक्के, ज्यांचा कोणत्याही मालिकेशी संबंध नाही. खऱ्या रेघांनी बनावट रेघांना स्पष्ट फरकाने हरवले तरच त्यांच्यात काही आहे असे म्हणता येईल. वरचेच उदाहरण घेतले, तर १०४६ ते २०७५ च्या चालीवर ४५ टक्क्यांची ती बनावट रेघ १६१२ ला पडते, आणि २८ सप्टेंबर २०२२ रोजी भाव १६१४ वरून वळला होता.